रेघ जागेवर, बोट बाजूला: फोनवर एकेका फ्रेमचं एडिटिंग

येवल्यात एका पैठणी विणणाऱ्या काकांच्या घरी मी अर्धा दिवस चित्रीकरण केलं आणि त्यातून साठ सेकंदांचा उभा व्हिडिओ बनवला. चित्रीकरण फोनवर, एडिटिंगही त्याच फोनवर. लॅपटॉप कुठेही मध्ये आला नाही. त्या एका व्हिडिओत मला तीन गोष्टी नेमक्या हव्या होत्या. आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका जिथे पडतो बरोबर तिथेच दृश्य बदलायला हवं होतं. कापडाची उलटी बाजू कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिसायला हवी होती. आणि रंगीत धागा गुंडाळलेल्या छोट्या कांडीचं ‘तिल्ली’ हे नाव काकांच्या बोटांबरोबर सरकत राहायला हवं होतं. पहिलं काम ट्रिमचं, दुसरं लेयरचं, तिसरं कीफ्रेमचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मी काइनमास्टर हे एडिटिंगचं ॲप वापरतो, म्हणून चिन्हं आणि बटणं त्यातली सांगतो. आवृत्तीगणिक बटणांची नावं आणि जागा थोड्या बदलतात, तेव्हा नावापेक्षा चिन्ह ओळखून ठेवा. फुकट वापरलं तर कोपऱ्यात ॲपचा शिक्का येतो. व्हीएनसारख्या दुसऱ्या ॲपमध्येही पद्धत हीच चालते, बटणं तेवढी वेगळीकडे सापडतात.

आधी थोडं मोजमाप

फोन आडवा धरला की टाइमलाइनला, म्हणजे क्लिप ओळीने दिसतात त्या पट्टीला, साधारण बारा सेंटिमीटर रुंदी मिळते. त्यात साठ सेकंदांचा अख्खा व्हिडिओ दिसत असेल तर एका सेकंदाच्या वाट्याला दोन मिलिमीटर येतात. बोटाचं टोक काचेवर सात-आठ मिलिमीटर जागा घेतं, म्हणजे बोट टेकलं की त्याखाली जवळजवळ चार सेकंद झाकले जातात. सेकंदाला तीस फ्रेमच्या व्हिडिओत चार सेकंद म्हणजे एकशे वीस फ्रेम. अशा अवस्थेत क्लिपची कड बोटाने ओढून नेमका काप मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. हात कितीही स्थिर असला तरी तो मिळणार नाही.

आता दोन बोटांनी टाइमलाइन ताणा, एवढी की पडद्याच्या रुंदीत एकच सेकंद मावेल. आता एका फ्रेमला चार मिलिमीटर मिळाले. बोट अजूनही फ्रेमपेक्षा जाडच आहे. तरीही काम होतं, कारण मध्यावरची लाल रेघ जागची हलत नाही. आपण तिच्याखालून पट्टी सरकवतो. रेघ केसाएवढी बारीक आहे आणि बोट तिच्यापासून लांब, पट्टीच्या रिकाम्या भागावर आहे, त्यामुळे काय कापलं जाणार ते शेवटपर्यंत दिसत राहतं. म्हणून फोनवर एक नियम मी कधीच मोडत नाही: कडा ओढायच्या नाहीत. रेघ हव्या त्या फ्रेमवर आणायची आणि कापायचं काम बटणावर सोपवायचं.

बसायची पद्धतही यातच येते. फोन हातात धरून अंगठ्याने एडिट करू नका. टेबलावर आडवा ठेवा, खाली रुमालाची घडी द्या म्हणजे तो सरकणार नाही, आणि तर्जनी वापरा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कडेवरून बोट सरकवलं की मागे जाण्याची सोय बंद करा आणि खालची तीन बटणं चालू करा. नाहीतर पट्टी सरकवताना बोट कडेला लागतं आणि ॲप प्रकल्पातून बाहेर पडतं.

चित्रीकरणातच ठरणाऱ्या गोष्टी

मागाची खोली अंधारी होती. छताजवळ एक ट्यूबलाइट आणि बाजूला एक खिडकी, एवढाच उजेड. अशा उजेडात बरेच फोन न विचारता फ्रेमची गती कमी करतात. तीसवरून चोवीसवर येतात, किंवा कधी तीस कधी चोवीस असं चालतं. मग एडिटिंगमध्ये काही ठिकाणी एकच फ्रेम दोनदा दिसते आणि हालचाल अडखळते. आयफोनमध्ये `Settings > Camera > Record Video` इथे `Auto FPS` बंद करता येतं. अँड्रॉइडवर ‘प्रो’ व्हिडिओ असेल तर तो वापरा, तीस फ्रेम पक्क्या करा आणि शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. शटर या तालाशी जुळलं नाही तर चित्रात वरून खाली पट्टे सरकताना दिसतात, आणि एडिटिंगमध्ये ते नीट काढता येत नाहीत.

आयफोनवर त्याच पानावरचं `HDR Video` मी बंद ठेवतो. चालू ठेवलं तर ॲपमधून बाहेर पडलेला व्हिडिओ कधी फिकट तर कधी भडक दिसतो.

फोरके की फुल एचडी? आडवं चित्रीकरण करून त्यातून उभा तुकडा काढायचा असेल तर फोरकेच घ्या. 3840×2160 च्या आडव्या चित्रातून पूर्ण उंचीची उभी पट्टी कापली की ती 1215×2160 भरते, म्हणजे 1080×1920 साठी पुरून उरते. फुल एचडीतून तशीच पट्टी कापली तर ती फक्त 607 पिक्सेल रुंद निघते आणि पावणेदोन पट ताणावी लागते. पैठणीचा धागा त्यात विरघळून जातो. अंतिम व्हिडिओ उभाच हवा आणि फारसं झूम करायचं नसेल तर मात्र फुल एचडी उभं घ्या. फोन हलका चालतो.

ट्रिम: फणीच्या ठोक्यावर काप

माझ्याकडे तेवीस क्लिप होत्या. नवीन प्रकल्प 9:16 मध्ये उघडा आणि सगळ्या क्लिप मुख्य पट्टीवर ओळीने टाका. पहिल्या फेरीत बारकावा नकोच. टाइमलाइन आखडलेलीच ठेवा, नको असलेले लांबलचक भाग मोकळ्या हाताने तोडा आणि क्रम लावा. क्रम पक्का होण्याआधी एकेका फ्रेमची छाटणी करत बसलं की ती मेहनत हमखास वाया जाते, कारण शेजारची क्लिप बदलली की कापाची जागाही बदलते.

क्रम लागल्यावर दुसरी फेरी, आणि खरं काम इथे आहे. एक उदाहरण सविस्तर सांगतो.

पहिलं दृश्य लांबून घेतलेलं आहे. काका मागावर बसले आहेत आणि फणी स्वतःकडे ओढत आहेत. दुसरं दृश्य जवळून आहे. फणी कापडाच्या काठावर आदळते. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घेतले आहेत, तरी बघणाऱ्याला एकच ठोका दिसला पाहिजे.

ठोक्याची फ्रेम कशी ओळखायची? फणी वेगाने येत असते तेव्हा ती फ्रेममध्ये पुसट दिसते. आदळून थांबली की पुढच्या फ्रेममध्ये तिचे दाते एकदम स्पष्ट होतात. पुसटीनंतरची ती पहिली स्पष्ट फ्रेम म्हणजे ठोका. हातोडा, सुरी, टाळी, दाराची कडी, कशासाठीही हीच खूण चालते.

पहिल्या क्लिपवर टाइमलाइन एका सेकंदाएवढी ताणा. ठोक्याच्या थोडं आधी या आणि पट्टी हळूहळू सरकवत पुढे जा. आधीपासून पुढे, कारण फोनवर उलट दिशेने सरकताना चित्र अडखळतं. दाबलेल्या व्हिडिओत पूर्ण चित्र मध्ये मध्येच साठवलेलं असतं. त्यांच्यामधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं एवढंच असतं. मागे जायचं म्हटलं की फोनला आधीच्या पूर्ण चित्रापासून पुन्हा मोजत यावं लागतं. त्यामुळे प्रत्येक सरकवणीनंतर अर्धा सेकंद थांबा, वरचं चित्र स्थिर होऊ द्या आणि मगच ठरवा. घाईत बोट उचललं की रेघ एका फ्रेमवर असते आणि डोळ्यांसमोर दुसरीच फ्रेम असते. ‘मी बरोबर कापलं होतं, पण काप चुकला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

ठोक्याची फ्रेम सापडली की दोन फ्रेम मागे या. क्लिपवर टिचकी मारा, भोवती पिवळी चौकट येईल. कात्रीचं चिन्ह उघडा. त्यात रेघेच्या डावीकडचं काढा, उजवीकडचं काढा आणि रेघेवर दोन तुकडे करा, असे पर्याय असतात. पहिल्या क्लिपसाठी उजवीकडचं काढा. मग दुसऱ्या क्लिपमध्ये जा, तिच्यातला ठोका शोधा, तिथूनही दोन फ्रेम मागे या आणि डावीकडचं काढा. आता पहिलं दृश्य ठोक्याच्या दोन फ्रेम आधी संपतं आणि दुसरं तिथूनच उचलतं.

दोन फ्रेम आधीच का? मी काप बरोबर ठोक्यावर देऊन पाहिला. चित्र बदललं आणि ठोका गिळल्यासारखा झाला, कारण डोळ्याला नवं चित्र ओळखायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात ठोका पडून गेलेला असतो. चार-पाच फ्रेम आधी कापलं तर फणी दोनदा ओढल्याचा भास होतो. माझ्या मागासाठी दोन फ्रेम योग्य ठरल्या. हळू हालचाल असेल तर तीन करून बघा.

काप तपासताना संपूर्ण व्हिडिओ चालवू नका. कापाच्या एक सेकंद आधी या, चालवा, एक सेकंद पुढे गेल्यावर थांबवा. असं तीनदा करा. पडद्यावर धक्का जाणवला तर लगेच काप बदलू नका, आधी तो धक्का फोनचा आहे का ते बघा. दोन फोरके क्लिपच्या सांध्यावर फोन कधीकधी फ्रेम गाळतो, आणि अंतिम फाइलमध्ये तो धक्का नसतो. शंका असेल तर कमी दर्जात एकदा एक्स्पोर्ट करून पाहा. साठ सेकंदांना एखाददुसरं मिनिट लागतं.

आवाज जुळवताना झालेली चूक

मागाचा आवाज मी दुसऱ्या फोनवर वेगळा घेतला होता. तो फोन मागाच्या खांबाजवळ उशीवर ठेवला होता. घरी येऊन दोन्ही जुळवले, दोनचार वेळा ऐकलं, समाधान झालं. पुढच्या रविवारी काकांना दाखवलं. त्यांनी वीस सेकंद पाहिलं आणि म्हणाले, “ठोका आधी पडतोय. फणी अजून यायचीय.”

मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. ज्यांनी आयुष्यभर तो ठोका स्वतःच्या हाताने दिला त्यांच्या कानाला सहा फ्रेमचा फरक लगेच कळला. मला कळला नव्हता, कारण मी ब्लूटूथ इअरफोन लावून जुळवलं होतं. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, दोन दशांश सेकंद उशीर तर सहज होतो. मला आवाज मागे पडल्यासारखा वाटला, म्हणून मी तो टाइमलाइनवर डावीकडे ओढला. माझ्या इअरफोनमध्ये सगळं जुळलं आणि बाकी सगळ्यांसाठी बिघडलं. तेव्हापासून एडिटिंगला वायरचे इअरफोन, आणि जुळवणी कानाने न करता डोळ्याने.

डोळ्याने जुळवायचं ते असं. चित्रीकरण सुरू केल्यावर दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवा. एक वेगळा छोटा प्रकल्प उघडा. त्यात व्हिडिओ टाका आणि तळहात एकमेकांना टेकल्याच्या फ्रेमवर रेघ आणून डावीकडचं काढा. आता व्हिडिओची पहिलीच फ्रेम टाळीची झाली. मग आवाजाची फाइल टाका. तिच्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात. टाइमलाइन ताणली की टाळीचा उंचवटा टेकडीसारखा रुंद होतो. टेकडीच्या डाव्या पायथ्याशी रेघ आणा आणि तिथेही डावीकडचं काढा. आता आवाजाची पट्टी दाबून धरा आणि डावीकडे शेवटपर्यंत ढकला. ती प्रकल्पाच्या सुरुवातीला जाऊन टेकते, त्यापलीकडे जाऊच शकत नाही. इथे बोटाची अचूकता लागतच नाही. टाळीला टाळी आपोआप भिडते.

व्हिडिओचा मूळ आवाज बंद करा आणि हा छोटा प्रकल्प सर्वात वरच्या दर्जात एक्स्पोर्ट करा. मुख्य प्रकल्पात ही नवी, आवाज जुळलेली फाइलच वापरा. एकदा जास्त दाबली गेल्यामुळे चित्रात नावापुरता फरक पडतो, पण पुढे कितीही कापलं तरी आवाज आणि चित्र सुटत नाहीत. मुख्य पट्टी कापत असताना खाली वेगळी आवाजाची पट्टी सांभाळणं फोनवर फार जिकिरीचं काम आहे.

लेयर: कमी आणि उशिरा

काइनमास्टरमध्ये एक मुख्य पट्टी असते आणि बाकी सगळं, म्हणजे फोटो, अक्षरं, दुसरा व्हिडिओ, तिच्यावर चढवलेले लेयर असतात. लेयर कधी टाकायचे? मुख्य पट्टीची छाटणी पूर्ण संपल्यावर. तिसऱ्या क्लिपवर नाव लावलं आणि नंतर त्याच क्लिपच्या सुरुवातीच्या बारा फ्रेम कापल्या, तर नाव आणि चित्र यांचं नातं बारा फ्रेमनी बिघडतं. एक नाव असेल तर पुन्हा जुळवता येतं. त्यावर सहा कीफ्रेम असतील तर सगळं नव्याने करावं लागतं.

माझ्या व्हिडिओत तीनच लेयर आहेत: उलट्या बाजूची छोटी चौकट, ‘तिल्ली’चं नाव आणि खालच्या ओळी. पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. हे शब्दांत सांगण्यापेक्षा तेव्हाच दाखवलं तर बघणारा मान डोलावतो. म्हणून काकांचे हात मुख्य चित्रात आणि उलटी बाजू वरच्या डाव्या कोपऱ्यात, रुंदीच्या साधारण एक तृतीयांश.

व्हिडिओचा लेयर फोनला सर्वात जड जातो. दोन व्हिडिओ एकाच वेळी उलगडावे लागतात आणि किती उलगडता येतील हे फोनच्या चिपवर ठरलेलं असतं. काइनमास्टरच्या सेटिंगमध्ये तुमच्या फोनची क्षमता तपासायची सोय आहे, ती एकदा चालवून बघा. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीला फोरके फाइल देऊ नका. तिथे फुल एचडीसुद्धा जास्तच होते. मी ती क्लिप आधी 720 मध्ये एक्स्पोर्ट करून घेतली आणि अडखळणं थांबलं. अक्षरं आणि चित्रांचे लेयर मात्र हलके असतात.

लेयर एकमेकांवर आले की वरच्या चित्रावर टिचकी मारून नेमका हवा तो धरता येत नाही. खालचा हवा असताना वरचा हलतो, आणि ते लक्षातही येत नाही. म्हणून लेयर नेहमी खालच्या टाइमलाइनवरच्या त्याच्या पट्टीवर टिचकी मारून निवडा. चौकट कोणाभोवती आली ते बघा आणि मगच हात लावा.

अक्षरांबद्दल एक सांगायलाच हवं. ॲपमधले अनेक फॉन्ट देवनागरीचे नसतात, आणि जोडाक्षरं फुटतात. ‘ल्ली’चं ‘ल् ली’ झालेलं मी गावोगावच्या व्हिडिओंत पाहतो आणि वाईट वाटतं. एक तर देवनागरीचा चांगला फॉन्ट ॲपमध्ये आणा, नाहीतर नाव पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी करून घ्या. ‘तिल्ली’साठी मी पीएनजीच केली. त्याचं आणखी एक कारण पुढे येतं.

कीफ्रेम: नाव बोटामागे चालवायचं

क्लिप चार सेकंदांची, म्हणजे एकशे वीस फ्रेमची. काका रंगीत धाग्याची तिल्ली ताण्यातून आडवी सारतात, क्षणभर थांबून धागा ओढतात आणि हात परत आणतात. नाव त्या बोटांबरोबर जायला हवं.

कीफ्रेम म्हणजे ‘या क्षणी हा लेयर इथे, एवढा, असा असावा’ ही नोंद. दोन नोंदींमधला प्रवास ॲप स्वतः भरतं. वर दाबलेल्या व्हिडिओतल्या पूर्ण चित्रांबद्दल लिहिलं, त्यांनाही तांत्रिक भाषेत कीफ्रेमच म्हणतात, पण ती गोष्ट वेगळी. घोळ करू नका.

फोनवर पहिली अडचण बोटाचीच येते. नाव धरून हलवायला गेलं की त्यावरच बोट असतं, मग ते तिल्लीच्या टोकाला टेकलं की नाही हे दिसणार कसं? यावर उपाय असा: पीएनजी बनवतानाच नावाखाली एक सरळ बारीक रेघ काढा, दोन-अडीच सेंटिमीटर लांब दिसेल अशी. आता वरचं नाव धरून हलवायचं, आणि खालचं रेघेचं टोक बोटापासून दूर, स्पष्ट दिसत राहतं. नाव आणि रेघ एकाच चित्रात असल्यामुळे एकाच लेयरवर कीफ्रेम द्यावे लागतात. दोन वेगळे लेयर केले असते तर सगळं दुप्पट झालं असतं, आणि दोन्ही कधीच एकत्र हलले नसते.

आता पायऱ्या. लेयरची सुरुवात आणि शेवट आधी कात्रीने पक्के करा, कारण कीफ्रेम दिल्यावर लांबी बदलली तर गोंधळ होतो. मग कीफ्रेमशिवाय क्लिप चार-पाच वेळा फक्त बघा आणि हात कुठे वळतो किंवा थांबतो तेवढ्या जागा कागदावर लिहा. माझ्या कागदावर असं होतं: दहाव्या फ्रेमपर्यंत हात स्थिर, तिथून उजवीकडे, सेहेचाळीसला थांबला, बासष्टला परत निघाला, एकशे चारला जागेवर आला.

लेयर निवडा आणि किल्लीचं चिन्ह उघडा. लाल रेघ दहाव्या फ्रेमवर आणा, नावाखालच्या रेघेचं टोक तिल्लीला टेकवा, कीफ्रेम जोडा. त्याच्या आधी नाव तिथेच स्थिर राहील, वेगळं काही करावं लागत नाही. सेहेचाळीसवर या, नाव सरकवून टोक पुन्हा टेकवा. किल्ली उघडी असताना लेयर हलवला की त्या जागी कीफ्रेम आपोआप बनतो.

आता बासष्ट. इथे बहुतेकांची चूक होते. हात थांबलेला आहे, नाव बरोबर जागेवर दिसतं आहे, मग कीफ्रेम कशाला? असं म्हणून थेट एकशे चारवर गेलं की ॲप सेहेचाळीसपासूनच परतीचा प्रवास सुरू करतं, आणि हात थांबलेला असताना नाव एकटंच सरकू लागतं. थांबा दाखवायला दोन कीफ्रेम लागतात, एक थांबण्याच्या सुरुवातीला आणि तसाच दुसरा शेवटी. म्हणून बासष्टवर लाल रेघ आणा आणि काहीही न हलवता नुसतं कीफ्रेम जोडायचं बटण दाबा. बोट चित्राला लागू देऊ नका. मग एकशे चार.

चार झाले. आता प्रत्येक दोघांच्या मध्यावर जाऊन तपासा. अठ्ठावीसवर पाहिलं तर तिल्ली नावाच्या नखभर पुढे होती. ॲप सारख्या वेगाने चालवतं, आणि हात सुरुवातीला झपकन जाऊन शेवटी मंदावतो. तिथे एक कीफ्रेम दिला. परतीला हात वरून वळसा घेऊन येतो, ॲप मात्र सरळ रेषेत आणतं, म्हणून त्र्याऐंशीवर आणखी एक दिला. एकूण सहा. पुन्हा मध्ये तपासलं, फरक रेघेच्या जाडीएवढाच राहिला, तिथे थांबलो.

सुरुवातीला मी दर तीन-चार फ्रेमवर कीफ्रेम दिले होते, तीसच्या वर. नेमकं होईल असं वाटलं, आणि झालं उलटंच. नाव थरथरू लागलं. प्रत्येक वेळी बोटाने मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. सहा जागी ती चूक लांबच्या प्रवासात मुरते. तीस जागी ती कधी डावीकडे कधी उजवीकडे असते, आणि डोळ्याला कंप दिसतो. नाव थरथरत असेल तर कीफ्रेम वाढवू नका, मधले काढून टाका.

नाव एखाद्याच ठिकाणी झटका घेत असेल तर कारण वेगळं आहे. बोट चुकून लागलं आणि खऱ्या कीफ्रेमला चिकटून नको असलेला एक बनला. टाइमलाइन आखडलेली असताना ते दोघे एकच ठिपका दिसतात. किल्लीच्या पट्टीत आधीच्या आणि पुढच्या कीफ्रेमवर उडी मारायचे बाण असतात. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जा आणि मोजा. कागदावर सहा आणि फोनवर सात आले, तर सातवा कुठे आहे ते तिथेच कळतं. काढायचं बटण शेजारीच असतं.

आवाजावरही असेच बिंदू देता येतात. काकांचं बोलणं सुरू होण्याच्या दहा फ्रेम आधी मागाच्या आवाजाला पूर्ण पातळीचा एक बिंदू दिला, बोलणं सुरू होतं तिथे तीस टक्क्यांचा. बोलणं संपल्यावर तसेच दोन उलटे, म्हणजे आवाज पुन्हा वर येतो. एकाच बिंदूने खाली आणायला गेलात तर तो उतार आधीच्या बिंदूपासून सुरू होतो, आणि मागाचा आवाज बोलण्याच्या कितीतरी आधी विरू लागतो.

बाहेर काढताना

1080×1920, तीस फ्रेम, आणि बिटरेट सेकंदाला दहा ते बारा मेगाबिटच्या आसपास. बारा धरला तर साठ सेकंदांची फाइल नव्वद एमबीच्या घरात जाते. एक्स्पोर्ट होताना फोन चार्जिंगला लावू नका आणि जाड कव्हर काढा. तापला की तो मंदावतो. रील म्हणून टाकणार असाल तर खालचा पाचवा हिस्सा आणि उजवी कड अक्षरांपासून मोकळी ठेवा. तिथे त्या ॲपची बटणं आणि नाव येतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो पुन्हा दाबला जातो आणि धाग्यांची वीण सपाट होते.

मूळ क्लिप काढून टाकायची घाई करू नका. प्रकल्प त्यांच्याकडे फक्त बोट दाखवतो, त्या स्वतःत साठवत नाही. माझ्या एका जुन्या प्रकल्पाच्या क्लिप फोटो साठवणाऱ्या ॲपने ‘जागा मोकळी करू का’ असं विचारल्यावर मी हो म्हटल्यामुळे फोनवरून गेल्या, आणि प्रकल्प उघडला तर निम्म्या चौकटी काळ्या होत्या. क्लिप परत उतरवून घेतल्या, तरी ॲपला त्या सापडेनात. आता काम संपलं की प्रकल्प `.kine` फाइलमध्ये बाहेर काढतो, आणि मूळ क्लिपसकट तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवतो. येवल्याच्या व्हिडिओचा ठोका काकांनी सांगितल्यावर सहा फ्रेम उजवीकडे सरकवता आला, तो सगळ्या मूळ फाइल जागेवर होत्या म्हणून.